परवा, पण कुठला?

आमच्या घरात 'कल' हा एकच शब्द दोन दिवसांना पुरतो. कल आया था, कल आएगा. परसों तसाच, मागचाही आणि पुढचाही. मराठीनं एक पाऊल पुढे टाकलं, काल आणि उद्या वेगळे केले. पण परवापाशी येऊन तीही थांबली. परवा आलो होतो, परवा येईन. त्यापुढचा तेरवाही दोन्हीकडे चालतो. रोजच्या बोलण्यात यानं कोणाचं काही अडत नाही, कारण वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं आणि दिवस कुठल्या बाजूचा ते सांगून जातं.

अडतं ते बुद्धिमत्ता चाचणीत. माझी भाची पोलीस भरतीची तयारी करते. लेखी परीक्षेत एकेका गुणावर नाव वर-खाली होतं, त्यामुळे वारांचे प्रश्न ती सोडत नाही. एका सराव पुस्तकातला हा प्रश्न घेऊन ती माझ्याकडे आली:

'परवाच्या तीन दिवस आधी सोमवार होता, तर आज कोणता वार आहे?' पर्याय चार: मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार.

तिचं उत्तर मंगळवार. पुस्तकामागे छापलेलं उत्तर शनिवार. "मामू, ये परवा आगे का के पीछे का?" तिनं विचारलं आणि लगेच स्वतःच निकाल दिला, "मेरी मराठी कच्ची है ना, इसलिए होता है ऐसा."

तिची मराठी कच्ची नाही. ती दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली आहे. पण घरात दखनी बोलणाऱ्या आपल्या मुलांना ही सवय लागलेली असते, उत्तर जुळलं नाही की आधी आपल्या भाषेवर संशय घ्यायचा. म्हणून आम्ही दोघं कागद घेऊन बसलो.

असे प्रश्न सोडवायची सरळ रीत म्हणजे आडवी रेघ ओढायची आणि मधोमध आज म्हणजे शून्य लिहायचं. उजवीकडे उद्या अधिक १, येणारा परवा अधिक २. डावीकडे काल उणे १, गेलेला परवा उणे २. मग वाक्यात जितकी पावलं सांगितली आहेत तितकी चालायची. 'उद्याच्या तीन दिवस आधी बुधवार होता, तर परवा कोणता वार असेल?' उद्या म्हणजे अधिक १, तिथून तीन पावलं मागे, आलो उणे २ वर. तिथे बुधवार आहे. म्हणजे आज त्याच्या दोन दिवस पुढे, शुक्रवार. शेवटी 'असेल' आहे, तेव्हा हा परवा पुढचाच. उत्तर रविवार.

इथे मुलं बहुतेक शेवटच्या पावलावर घसरतात. उणे २ वर बुधवार मिळाला की त्या उणेच्या धुंदीत बुधवारातूनही दोन वजा करतात आणि सोमवार लिहून मोकळी होतात. आपण मागे गेलो होतो, आता आजवर परत यायचं आहे, म्हणजे उलट चालायचं. शंका असली तर उत्तर प्रश्नात घालून वाचावं. आज शुक्रवार, उद्या शनिवार, त्याच्या तीन दिवस आधी बुधवार. जमलं.

क्लासमध्ये आणखी एक गोष्ट घोकून घेतात, 'वाक्य मागून सोडवा.' इंग्रजीत ते सोयीचं आहे, कारण तिथे उद्या हा शब्द वाक्याच्या शेवटी येतो आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या पायऱ्या त्याच्या अगोदर. मराठीत 'उद्याच्या तीन दिवस आधी' वाचतानाच आपण योग्य क्रमानं चालत असतो. आणि खरं तर क्रमानं फरक पडतच नाही, बेरीज-वजाबाकी कुठूनही केली तरी तीच येते. फरक पडतो तो दिशेनं.

आता त्या सोमवारच्या प्रश्नाकडे. परवा गेलेला धरला तर उणे २, आणखी तीन मागे, उणे ५. तिथे सोमवार, म्हणून आज शनिवार. हे पुस्तकाचं उत्तर. परवा येणारा धरला तर अधिक २, तीन मागे, उणे १. म्हणजे काल सोमवार होता आणि आज मंगळवार. हे भाचीचं उत्तर. 'होता' हे क्रियापद दोन्हींना चालतं, कारण दोन्ही वेळा आपण भूतकाळातच पोचलो. ते क्रियापद परवाचं नाहीच, सोमवारचं आहे. 'च्या' लागून परवा दुसऱ्या दिवसाच्या दावणीला बांधला गेला आणि त्याचं स्वतःचं क्रियापद हरवलं.

कोणी म्हणेल, 'होता' ऐकल्यावर कान मागच्या परवाकडेच जातो. जातो, मान्य. पण परवा घरात अकीका आहे आणि कोणी म्हणालं, "परवाच्या तीन दिवस आधी सोमवार होता, तेव्हाच बोकड आणायला हवा होता," तर तोच कान मुकाट्यानं पुढच्या परवाकडे वळतो. वाक्यात चूक कोणालाच सापडणार नाही.

भाचीनं मग स्वतःच आकडे बदलून पाहिले. 'एक दिवस आधी' असतं तर? गेलेल्या परवावरून उणे ३, येणाऱ्यावरून अधिक १. 'होता' म्हटलं की उणे ३, 'असेल' म्हटलं की अधिक १. 'दोन दिवस आधी' असतं तर उणे ४ किंवा थेट आज; आजला 'आहे' लागलं असतं. इथवर क्रियापद निवाडा करतं. तीन दिवसांपासून पुढे मात्र ते कामी येत नाही. 'परवानंतर तीन दिवसांनी असेल' असं पुढच्या दिशेनं म्हटलं तरी तोच घोळ.

परीक्षेच्या खोलीत हा घोळ ओळखायचा कसा? दोन परवांमध्ये चार दिवसांचं अंतर आहे, म्हणून दोन उत्तरांतही चारच दिवसांचं अंतर पडतं. मंगळवारनंतर चार दिवसांनी शनिवार. पर्यायांत दोहोंपैकी एकच असेल तर तोच घ्यावा, भांडण नाही. दोन्ही असतील तर कानाचा कल बघून मागचा परवा धरावा, आणि उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची सोय असेल तर दोन्ही हिशेब मांडून ती घ्यावी. प्रश्न काढणाऱ्याला हे टाळणं अवघड नाही. 'कालच्या आदल्या दिवशी' किंवा 'उद्याच्या दुसऱ्या दिवशी' लिहिलं की झालं. दोन शब्द जास्त लागतात, एवढंच.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा प्रश्न मी शेजारच्या दोन मुलांना दिला. घरी मराठीच बोलणारी, हुशार मुलं. दोघांनी सरळ शनिवार लिहिलं आणि पुढे गेले. 'कुठला परवा' हे विचारायला भाचीच थांबली, कारण जन्मापासून तिला 'कल' ऐकल्यावर क्रियापदाची वाट पाहायची सवय आहे.

तिला मी हे सांगितलं. ती विचारात पडली आणि म्हणाली, "मामू, पर आज कब से आज?" जुमेरातच्या मगरिबनंतर अम्मी म्हणते, आज जुम्मे की रात है. कॅलेंडरवर तेव्हा गुरुवारच असतो. पंचांगातला वार तर सूर्योदयाला बदलतो. म्हणजे त्या रेघेवरचं शून्यच घरागणिक हलतं. परीक्षेत मध्यरात्र धर, मी म्हटलं. तिनं कागदावर शून्याभोवती गोल केला आणि बाजूला बारा वाजलेलं घड्याळ काढलं.