निर्णय आधी, हकिगत नंतर

बँकेच्या नोकरीत माझ्यापुढे येणाऱ्या पत्रांचा गाभा बहुधा शेवटच्या परिच्छेदात दडलेला असे. आता पत्रांची जागा मोबाइलवरील संदेशांनी घेतली आहे. सवय मात्र तीच राहिली.

मागील हंगामात सेलू येथील एका परिचित पेढीवरील तरुणाने पुण्यातील काकांना पाठवायचा संदेश मला दाखविला. पाच परिच्छेदांपैकी पहिल्यात सोयाबीनच्या भावाची हकिगत, दुसऱ्यात गोदामभाडे, तिसऱ्यात बँकेत झालेले बोलणे, चौथ्यात अडकलेली उधारी. पाचव्याच्या अखेरीस एवढेच, ‘बँकेचे थोडे बघावे लागेल, आपण काय ते कळवावे.’ यावर काका ‘बरे, बघू’ याहून वेगळे काय लिहिणार?

काकांकडून नेमके काय हवे, असे विचारताच हिशोब पुढे आला. तारण माल ४० लाखांचा. २५ टक्के मार्जिन वजा जाता उचल मर्यादा ३० लाख. बँकेचे येणे ३३ लाख. ३ लाखांचा माल विकून भागेल, अशी त्याची समजूत होती. परंतु माल घटला की मर्यादाही घटते. तेवढ्या विक्रीने येणे ३० लाखांवर येईल, पण मर्यादा पावणेअठ्ठावीस लाखांवर उतरेल. नोंदविलेल्याच किमतीने माल गेला, तरी १२ लाखांचा विकावा लागेल. तेव्हा कोठे येणे आणि मर्यादा दोन्ही २१ लाखांवर जुळतात. पाच परिच्छेदांच्या गर्दीत हा खरा प्रश्न त्याला स्वतःलाच दिसला नव्हता.

मग प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावली : हे गाळले तर काकांचे उत्तर बदलेल काय? गोदामभाडे गेले, बँकेतील संवाद गेला, भावाची हकिगत दोन शब्दांवर आली. उरले ते असे :

‘जय जिनेंद्र काका. शुक्रवारपर्यंत घरचे ३ लाख बँकेत भरू, की १२ लाखांचे सोयाबीन विकू? उचल मर्यादेपेक्षा येणे ३ लाखांनी जास्त आहे, त्यास ५० दिवस झाले. सलग ९० दिवस झाल्यास खाते एनपीए होईल. भाव पडता आहे, म्हणून माझे मत पैसे भरावे. गुरुवारी दुपारपर्यंत कळवावे.’

काटछाटीलाही मर्यादा असते. रक्कम, मुदत आणि स्वतःचे मत यांपैकी एक जरी गाळले, तर ‘किती?’, ‘केव्हा?’, ‘तुला काय वाटते?’ असे उलट प्रश्न येतात आणि दोन दिवस जातात. असा उलट प्रश्न आला, की कात्री जास्त चालली असे समजावे. उधारीची यादी मात्र फेकू नये; काकांनी विचारल्यास ती वेगळी पाठवावी. तो संदेश वाचून काकांना एका शब्दात उत्तर देता येत होते : ‘भरा’ किंवा ‘विका’.