मात्रेची दुरुस्ती

नियतकालिकात छापून आलेली औषधाची मात्रा चुकली असता संपादकांस जे पत्र लिहावे लागते, ते वाचकांच्या इतर पत्रांहून निराळ्या जातीचे असते, ही गोष्ट दिल्लीच्या एका रुग्णालयाच्या औषधविभागात उमेदीची सारी वर्षे घालविल्यानंतर मी खात्रीने सांगू शकतो. इतिहासातील सनावळी वा एखाद्या कवितेचे कर्तृत्व यांविषयीची दुरुस्ती लेखकाला उद्देशून असते. मात्रेच्या दुरुस्तीस मात्र संपादकांच्या मार्फत अशा अनोळखी माणसापर्यंत पोहोचावयाचे असते की, ज्याने तो लेख कात्रून औषधांच्या डब्यात ठेवला असेल आणि जो पुढचा अंक कदाचित उघडणारही नाही.

गेल्या पावसाळ्यात एका मराठी मासिकाचा अंक टपालाने गाझियाबादला माझ्या घरी आला. त्यात ऱ्हुमॅटॉइड जातीच्या संधिवातावरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद होता, आणि मूळ लेख माझ्या वाचनात आलेला असल्यामुळे दोन्ही मजकूर मी शेजारी ठेवून ताडून पाहू शकलो. मुळात दोन छोटी वाक्ये होती: मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, आणि फॉलिक आम्ल ५ मिलिग्रॅम उरलेल्या दिवशी रोज. अनुवादकाने ती ओघासाठी एकत्र गुंफली, आणि त्या गुंफणीत ‘रोज’ हा शब्द मेथोट्रेक्सेटला, व ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द फॉलिक आम्लाला जाऊन चिकटले. औषधांची नावे बरोबर, १५ आणि ५ हे आकडेही बरोबर, वाक्य व्याकरणशुद्ध. त्यामुळे मुद्रितशोधकाच्या नजरेला अडखळण्याजोगे तेथे काहीच नव्हते. शिवाय रक्तदाबाची गोळी रोज, मधुमेहाची गोळी रोज, अशा घरात वाढलेल्या मनाला सहा दिवस न घ्यावयाची गोळी हीच कल्पना अपरिचित असते, आणि अपरिचित गोष्ट हातून नकळत परिचित करून टाकली जाते.

वाचकाच्या पदरी आठवड्याला १५ मिलिग्रॅमऐवजी १०५ मिलिग्रॅम पडणार होते. परंतु या अपघाताचे गांभीर्य सातपटीच्या हिशेबाने पुरते कळत नाही. एल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या देशाच्या सुपुत्राने अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत फॉलिक आम्लावर जे कार्य घडवून आणले, त्यातूनच फॉलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्ये निघाली, आणि १९४८ साली सिडनी फार्बर यांनी त्यांपैकी एका द्रव्याने बालकांच्या रक्तकर्करोगास तात्पुरता का होईना उतार पडतो असे दाखवून दिले. मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले. फॉलिक आम्लाला शरीरोपयोगी रूप देणारे जे विकर असते, त्याची वाट ते अडविते. आणि ज्या पेशी सतत नव्या होत असतात, म्हणजे तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा, त्यांना त्याची झळ प्रथम लागते. संधिवातासाठी अल्प मात्रा एक दिवस द्यावयाची आणि मग या पेशींना सावरण्यास सहा दिवसांचा अवकाश द्यावयाचा, यावर सारी योजना उभी आहे. तो अवकाशच काढून घेतला म्हणजे प्रत्येक दिवसाची गोळी आदल्या दिवसाच्या जखमेवर पडते. मूत्रपिंडे मंदावलेल्या वृद्धांच्या शरीरातून तर हे औषध बाहेर पडण्यासच विलंब लागतो.

तोंड येणे, गिळताना आग होणे ही पहिली खूण. मग जुलाब, ताप, अंगावर काळेनिळे डाग, आणि रक्त तपासले असता पांढऱ्या पेशींची व बिंबिकांची उतरलेली संख्या. हे सारे घडून येण्यास एकदोन आठवडे पुरतात. त्यावर उतारा म्हणून फॉलिनिक आम्ल दिले जाते. घरातली फॉलिक आम्लाची गोळी त्या जागी चालत नाही, कारण तिला उपयोगी रूप देणारी वाटच या औषधाने अडविलेली असते. मासिकाचा पुढील अंक निघण्यास एक महिना लागतो. विषबाधेची मुदत ही अशी मासिकाच्या मुदतीहून आखूड असल्यामुळे, केवळ ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ या सदरासाठी पत्र धाडून स्वस्थ बसणे मला कर्तव्यच्युती वाटली. म्हणून प्रथम दूरध्वनी केला व त्यामागोमाग पत्र पाठविले. त्यातील मुख्य मजकूर असा होता:

‘स. न. वि. वि. आपल्या चालू अंकातील संधिवातविषयक लेखात मेथोट्रेक्सेट हे औषध कधी घ्यावे याविषयी गंभीर चूक झाली आहे. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकच दिवस, डॉक्टरांनी नेमून दिलेल्या वारी घ्यावयाचे असते. ज्यांनी ते लागोपाठ अधिक दिवस घेतले असेल त्यांनी, काही त्रास होत नसला तरीही, पुढची गोळी न घेता आजच रुग्णालय गाठावे आणि हीच हकीकत तेथे प्रथम सांगावी. ज्यांचे औषध आठवड्यातून एकदाच चालू आहे, त्यांनी ते बंद करू नये.’

पत्रात अनुवादकाचा उल्लेख नाही, आणि चुकलेली ओळही नाही. संपादकसाहेबांचा आग्रह प्रथम असा होता की, ग्रंथाच्या शुद्धिपत्राप्रमाणे अशुद्ध पाठ आणि शुद्ध पाठ शेजारी शेजारी छापावे. ग्रंथाच्या बाबतीत ती रीत योग्यच आहे. परंतु येथे वरवर चाळणाऱ्याच्या डोळ्यांत चुकीची ओळ दुसऱ्यांदा भरेल आणि पूर्वी वाचल्यामुळे तीच अधिक ओळखीची वाटेल, हे मी त्यांस समजावून सांगितले. मिलिग्रॅमचा आकडाही मी हेतुपुरस्सर वगळला, कारण ती मात्रा प्रत्येक रुग्णाची निराळी असते, आणि एका दुरुस्तीतून दुसऱ्या घोटाळ्यास वाट करून देण्यात अर्थ नव्हता. शेवटच्या वाक्यासाठी मात्र मी हट्ट धरला. भयभीत झालेला रुग्ण औषध सोडून देतो, सांधे पुन्हा सुजतात, आणि कालांतराने वाकडी झालेली बोटे कोणत्याही खुलाशाने सरळ होत नाहीत. इशारा आणि दिलासा या दोहोंना त्या पत्रात सारखीच जागा मिळणे मला आवश्यक वाटत होते.

संपादकसाहेबांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. त्याच आठवड्यात वर्गणीदारांस व विक्रेत्यांस स्वतंत्र छापील चिठ्ठी रवाना करण्याची तजवीज त्यांनी केली आणि पुढील अंकात हा मजकूर मूळ लेखाच्याच सदरात, चौकटीत घातला. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

‘आठवड्यातून एकदा’ एवढे लिहिणेही पुरेसे नाही, असे युरोपातील औषधनियामक संस्थेने २०१९ साली सुचविलेल्या उपायांवरून दिसते. औषध घ्यावयाचा वार चिठ्ठीवर नमूद करावा असा त्यांचा रोख आहे. आमच्या विभागात आम्ही पाकिटावर वार ठळक लिहितो आणि रुग्णाकडून तो वदवून घेतो. एकच प्रश्न विचारावयाचा: ‘आजी, ही गोळी कोणत्या वारी घ्यायची?’ उत्तरादाखल ‘सकाळी जेवल्यावर’ असे आले, तर पाकीट हातात न देता पुन्हा समजावून सांगावे लागते.

औषधामुळे झालेल्या अपायाची नोंद करण्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, त्याचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ असा आहे, आणि तेथे डॉक्टरांप्रमाणेच रुग्णासही नोंद करता येते. हे औषध ज्यांच्या घरी चालू आहे त्यांस माझी विनंती आहे की, कोणत्याही लेखातील मात्रेवर, माझ्याही, विसंबू नये. आपल्या डॉक्टरांस वार विचारावा आणि तो शाईने पाकिटावर लिहून ठेवावा.