बंगालच्या उपसागरावरील हादरे

मुंबईहून सिंगापूरला जाणारे विमान बंगालचा उपसागर ओलांडताना पुष्कळदा हादरते. उष्ण समुद्रावरील दमट हवा वेगाने वर चढते, मेघांचे मनोरे उभे राहतात आणि त्या चढत्या-उतरत्या प्रवाहांतून विमानास वाट काढावी लागते. वैमानिकास रडारवर तसा मेघ दिसला की पट्ट्याचा दिवा लागतो. कधी मात्र अवधीच मिळत नाही. २१ मे २०२४ रोजी इरावतीच्या खोऱ्यावर एका विमानात दिवा लागला आणि काही सेकंदांतच ते सुमारे ५४ मीटर खाली आले. पट्टा न बांधलेले प्रवासी आसनांतून उसळून आपटले. म्हणून दिवा विझल्यावरही जाणकार पट्टा सोडत नाहीत. भित्र्या प्रवाशाने पंखांजवळचे आसन मागावे, तेथे हेलकावे कमी जाणवतात. पंख वाकताना दिसले तर घाबरू नये, ते लवचीकच घडवलेले असतात.