सावली नसलेलं ऊन

फोटोतलं आभाळ बदललंय का, हे ओळखायला मी आभाळाकडे बघत नाही. माणसांच्या हनुवटीखाली बघतो. तिथे ठसठशीत सावली नसेल आणि वर मात्र दिवाळीनंतरचं निळंभोर आभाळ पसरलेलं असेल, तर कुणीतरी घाईत हात मारलाय हे कळतं. भरलेल्या आभाळाचा उजेड एका जागेवरून येत नाही, चहूकडून पाझरतो. म्हणून नाकाखाली, भुवयांखाली, पायाशी कुठेच ठसठशीत सावली धरत नाही. दुसरं आभाळ आणून बसवता येतं, ऊन आणून बसवता येत नाही.

हे माझ्या डोक्यात इतकं घोळायला लागलं ते माझ्या स्टुडिओत शिकायला येणाऱ्या पोरीमुळे. फोटोशॉपमध्ये 2020 साली Sky Replacement आलं. त्याआधी एकेका झाडाची कड सोडवण्यात मी रात्री घालवल्यात, आणि यावलमध्ये झाडाची कड सोडवावी तर आपणच, असा माझा समज होता. तो मी बोलूनही दाखवत असे. पोरीनं दोन क्लिकमध्ये तेच केलं. कड माझ्यापेक्षा वाईट नव्हती, हे जास्त झोंबलं. संध्याकाळी तिला न्यायला वडील आले. केळीवाला माणूस, एका वादळात अख्खा बाग आडवा होतो, त्यामुळे जन्मभर नजर वरच. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "आभाय त उघडलं भो, पन मानसाच्या सावल्या कुठी गेल्या?"

पोरगी हसली. मी हसलो नाही, कारण गिऱ्हाईक तसंच निळं आभाळ मागणार होतं.

फोटो मनुदेवीचा. आडगावजवळची ही देवी खानदेशातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवी, त्यामुळे पुण्याकडे गेलेली मंडळी पावसाळ्यात देवदर्शन आणि धबधबा एकाच फेरीत उरकतात. श्रावणातली दुपार, पाण्यासमोर उभं राहिलेलं अख्खं कुटुंब, मोबाइलचा फोटो. वरच्या तिसऱ्या हिश्शात कागदासारखं करडं-पांढरं आभाळ. "काका, मोठी फ्रेम करायचीय, आभाळ मस्त निळं करून द्या."

कड सोपी होती, आणि त्याचं श्रेय करड्या आभाळालाच. कड्यावरच्या झाडांची पानं पांढऱ्या उजेडात असली की त्यांच्याभोवती बारीक पांढरी किनार राहते. नवं आभाळ पानांच्या मागे सरकवलं की ती किनार चमकते आणि झाड कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. मी आभाळ मागे सरकवत नाही, वरून Multiply मध्ये घालतो. त्यात पांढऱ्यावर पडलेलं जसंच्या तसं उमटतं, काळ्यावर पडलेलं काळंच राहतं, आणि किनारीचा अर्धा उजेड अर्धा रंग घेतो. अट एवढीच की खालचं आभाळ खरोखर पांढरं हवं. ते करडं असेल तर नवं आभाळ गढूळ होतं. म्हणून आधी लेव्हल्स ओढून फक्त तेवढा भाग पांढरा करून घ्यायचा, आणि मास्क ठेवायचा तो माणसं आणि कडा वाचवण्यापुरता. Multiply उजळ काहीच करू शकत नाही, त्यामुळे उन्हानं झळाळणारी गडद झाडं यातून निघत नाहीत. पण ती या फोटोत असायलाच नको होती.

मग ढगांचा कोन. माझ्याकडचे बहुतेक ढग यावलच्या बाहेर, शेतांमधून सातपुड्याकडे तोंड करून टिपलेले. क्षितिजाजवळचे ढग एकावर एक दाबून बसलेले, पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात. डोक्यावरचे मोठे आणि सुटे. मनुदेवी दरीत आहे. तिथे क्षितिज नाहीच, धबधबा फ्रेममध्ये घ्यायला मोबाइल वर झुकवलेला. त्या कड्यामागे क्षितिजाचे चपटे ढग ठेवले की कडा बसका होतो आणि धबधब्याची उंचीच जाते. का, ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, फक्त काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. त्यासाठी कॅमेरा तितकाच वर करून घेतलेलं आभाळ लागतं.

एवढं सगळं जमवून निळं बसवलं, तरी फोटो खोटाच. ओल्या दगडांवर पांढरी, पसरट चकाकी होती. ते वरच्या पांढऱ्या आभाळाचंच प्रतिबिंब. निळ्या आभाळाखाली तीच चकाकी निळसर व्हायला हवी आणि उन्हाच्या बाजूला बारीक, बोचरी. दगडांना थोडं निळं दिलं. मग साड्यांचे रंग थंड पडले. चेहऱ्यांना थोडं पिवळं दिलं. तरी हनुवट्यांखाली काही नाही. सावली ब्रशनं रंगवावी तर सूर्याची एक जागा ठरवायला हवी, आणि प्रत्येक नाकाची सावली त्याच जागेशी इमान राखणारी हवी. सात जणांची रंगवायला बसलो, तिसऱ्या नाकाला सोडून दिलं. आता माझं मत असं की ज्या उजेडात जमीन आहे, तोच उजेड देऊ शकेल असं आभाळ असेल तरच बदलावं. म्हणजे करड्याच्या जागी करडंच. फक्त त्या सपाट करड्याच्या जागी पोत असलेलं, पोटात काळं, एका बाजूनं थोडं फिकट. मनुदेवीच्या फोटोत मी तेच घातलं, ऐन श्रावणातलं, वर बघून टिपलेलं, आणि त्यावर त्या मोबाइलच्या फोटोइतकेच बारीक कण टाकले, नाहीतर फोटो खरखरीत आणि आभाळ तेवढं गुळगुळीत राहतं.

आजकाल कुणी एवढं करत नाही. एकच गुलाबी ढग मी मनुदेवीवर, पाटणादेवीवर आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पाहिलाय; ॲपबरोबर फुकट येतो तो. एका अल्बममध्ये तर सातपुड्याच्या माथ्यावर सूर्य मावळताना होता, तोही यावलमधून. यावलच्या उत्तरेला सूर्य मावळायला लागला तर केळीवाल्यांनी काय करायचं? पण फार बोलू नये. 1850 च्या दशकात फ्रान्समधला गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची एक काच आणि ढगांची दुसरी काच मिळून एक फोटो छापायचा. तेव्हाचं काचेवरचं रसायन निळ्या उजेडाला इतकं हपापलेलं, की समुद्र नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरंफटक व्हायचं. आणि त्याचीही ढगांची एकच काच एकाहून जास्त समुद्रांवर सापडते. माझाही एक ढग आहे, भाद्रपदातला, डाव्या खांद्याला फाटलेला. तो भुसावळच्या एका लग्नाच्या अल्बममध्ये दिसला, माझ्याच कुठल्यातरी प्रिंटवरून उचललेला. रागावायला हवं होतं. मी मात्र शेजारच्याला बोलावून दाखवला.

मनुदेवीची फ्रेम न्यायला त्या कुटुंबातला मुलगा आला. बराच वेळ बघून म्हणाला, "छान आलाय. पण काका, आभाळ तर आहे तसंच आहे, यात तुम्ही काय केलंत?" कामाला याहून मोठी पावती नाही, हे मीच पोरीला सांगत आलोय. ती माझ्याकडे बघत होती. मी कॉम्प्युटर लावला, मूळ फोटो उघडला, आणि त्याला खुर्ची ओढून बसायला सांगितलं.