ठाकूर गब्बरला मारतो की नाही?

"मारत नाही. पोलीस येतात आणि गब्बरला घेऊन जातात. मी मिनर्व्हाला पाहिलाय, मला काय सांगतोस?" पोलादपूरचे माझे मामा त्यांच्या मुलाला ठणकावून सांगत होते. दादा ऐकायला तयार नव्हता. त्याने मोबाईलवर पाहिलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो आणि मग ढसाढसा रडतो. दोघेही डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होते आणि दोघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं.

तोवर मी 'शोले' पाहिलाच नव्हता. संवाद मात्र पाठ होते, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ते कुणी शिकवावे लागत नाहीत. महाड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते. तिथल्या मैत्रिणींच्या नादाने मी नुकती कुठे जुने-नवे सिनेमे नीट बसून पाहायला लागले होते आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडत होते. एकाच सिनेमाच्या नावापुढे कुठे थिएट्रिकल, कुठे डायरेक्टर्स कट, कुठे एक्स्टेंडेड, कुठे फायनल कट. मला वाटायचं, ज्याची मिनिटं जास्त तो पूर्ण सिनेमा आणि बाकीचे कापलेले. मामा आणि दादाच्या भांडणामुळे मी हे मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं.

'शोले' प्रदर्शित झाला १५ ऑगस्ट १९७५ रोजी. त्याआधी पन्नासएक दिवस, २५ जूनला, देशात आणीबाणी जाहीर झाली होती. दिग्दर्शक रमेश सिप्पींनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. ठाकूर हा माजी पोलीस अधिकारी. अशा माणसाने कायदा हातात घेऊन सूड उगवायचा, हे सेन्सॉरला चाललं नाही. मग शेवट घाईने पुन्हा चित्रित झाला. ठाकूर गब्बरला संपवणार, एवढ्यात पोलीस येतात, त्याला कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला अटक होते. मामा गिरणीत कामाला होते, लालबागला खोलीवर राहायचे. त्यांनी लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात पाहिला तो हा शेवट. दादाने पाहिला तो मूळचा, जो अनेक वर्षं तुकड्या-तुकड्याने फिरत होता.

इथे माझा पहिला गोंधळ सुटला. थिएट्रिकल कट म्हणजे प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष लागलेला सिनेमा. तो कुणाच्या मर्जीने तसा झाला, हे त्या नावात कुठेच सांगितलेलं नसतं. कधी तो दिग्दर्शकाला हवा तसाच असतो, कधी निर्मात्याने लांबीसाठी कापलेला असतो, कधी सेन्सॉरने बदलायला लावलेला असतो. डायरेक्टर्स कट म्हणजे ती दुसऱ्याची कात्री बाजूला ठेवून दिग्दर्शकाने स्वतः ठरवलेली आवृत्ती. ती लांबच असते असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या पीटर वेअर यांनी 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' हा आपला १९७५ चाच सिनेमा १९९८ मध्ये पुन्हा हाती घेतला आणि काही मिनिटांनी कमी केला.

'शोले'त नेमकं काय गेलं, हे एका वस्तूवरून मला सगळ्यात चांगलं कळलं. ठाकूरला हात नाहीत. गब्बरशी लढायला त्याच्याकडे फक्त पाय आहेत आणि पायात खिळे ठोकलेले जोडे आहेत. त्याचा नोकर रामलाल त्या जोड्यांच्या तळाला खिळे ठोकत बसतो, तो प्रसंग चित्रित झाला होता आणि सेन्सॉरने काढायला लावला. प्रदर्शित सिनेमात जोडे शेवटी येतात, पण त्यामागची तयारी, त्या नोकराच्या मनात इतकी वर्षं साठलेला संताप, हे गेलं. शेवट बदलल्यावर त्याहून मोठी गोष्ट गेली. मूळ शेवटात सूड पुरा झाल्यावर ठाकूर कोसळून रडतो. ज्यासाठी जगला ते झालं आणि हाती काहीच उरलं नाही, हे त्या रडण्यात आहे. पोलीस आल्यावर ते रडणं उरत नाही.

सचिन पिळगावकर यांनी केलेला अहमद आठवा. इमामसाहेबांचा हा पोरगा गब्बरच्या हाती सापडतो. त्याला कसं मारलं हे दिसत नाही. गब्बर हातावरचा किडा चिरडतो आणि पुढच्या दृश्यात घोड्यावरून अहमदचं प्रेत गावात येतं. मारण्याचं दृश्य चित्रित झालेलं असूनही काढलं गेलं. मला विचाराल तर ही जागा कापल्यामुळे उलट जास्त भयंकर झाली. म्हणजे सेन्सॉरची प्रत्येक काट नुकसानच करते, असंही मी म्हणणार नाही.

एक्स्टेंडेड एडिशनची गोष्ट वेगळी आहे. तिथे सहसा कुणी अन्याय केलेला नसतो. सिनेमा ठरवल्यासारखा लागतो, लोकांना आवडतो आणि मग चाहत्यांसाठी बाजूला ठेवलेली दृश्यं परत जोडली जातात. 'पुष्पा २' ५ डिसेंबर २०२४ ला लागला आणि १७ जानेवारी २०२५ ला वीसेक मिनिटं वाढवून 'रीलोडेड' म्हणून पुन्हा आला. आमच्या लॅबमधल्या मुली तो दुसऱ्यांदा पाहायला गेल्या त्या या वाढीव मिनिटांसाठीच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग थिएटरमध्ये १७८ मिनिटांचा होता, वाढीव आवृत्ती त्याहून अर्ध्या तासाने लांब आहे. पण दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी थिएटरमधल्या आवृत्तीलाच आपली खरी आवृत्ती मानलं आहे. हे वाचून मी चक्रावले होते. दिग्दर्शकाचीच असूनही ती मोठी आवृत्ती डायरेक्टर्स कट नाही! मग लक्षात आलं की प्रश्न लांबीचा नसून, पहिल्या वेळी कात्री कुणाच्या हातात होती, याचा आहे.

याच्या अगदी उलट रिडली स्कॉट यांचा 'किंगडम ऑफ हेवन'. २००५ मध्ये तो १४४ मिनिटांचा लागला, दिग्दर्शकाची आवृत्ती सव्वातीन तासांच्या आसपास जाते. मधल्या वेळात एक आख्खं पात्र आहे, राजकन्या सिबिलाचा लहान मुलगा. तो राजा होतो, त्याला महारोग असल्याचं कळतं आणि आईच त्याचा शेवट करते. थिएटरमधल्या सिनेमात हा मुलगाच नाही, त्यामुळे पुढे ती बाई अशी का वागते, हे कळायला मार्ग उरत नाही. असा सिनेमा आधी कापलेला पाहिला तर तो वाईट वाटतो आणि पुन्हा पाहावासाच वाटत नाही.

आता मिनिटांविषयी, कारण मी त्यात बराच काळ अडकले होते. 'शोले' कुठे २०४ मिनिटांचा लिहिलेला, कुठे १९८, कुठे १८८. २०४ मिनिटं ही मूळ शेवट असलेल्या आवृत्तीची आणि १९८ ही प्रदर्शित सिनेमाची, हे कळल्यावर वाटलं, पडद्यावर आकडा पाहिला की झालं. पण तसं होत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पाल पद्धत २५ चौकटींची. सिनेमा त्या पद्धतीने उतरवला की तो थोडा वेगाने पळतो आणि एकही दृश्य न कापता चार टक्के लहान होतो. २०४ मिनिटांचा 'शोले' असा जवळपास १९६ मिनिटांत संपेल आणि आकडा पाहून तुम्ही त्याला प्रदर्शित आवृत्ती समजाल. म्हणून आकडा नुसती शंका घेण्यापुरता वापरावा. खात्री दृश्यावरूनच होते. 'शोले'साठी शेवटची दहा मिनिटं आणि रामलालचे खिळे, एवढं पाहिलं की निकाल लागतो.

भारतीय सिनेमाच्या सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्रही आपण पाहतो न पाहतो तोच निघून जातं. ते जरा थांबवून पाहा. त्यावर लांबी आणि तारीख असते. खाली डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर मंडळाने सुचवलेल्या काटछाटी झालेल्या आहेत. निर्मात्याने आपणहून जे कापलं, ते मात्र त्या कागदावर दिसत नाही.

मूळ 'शोले' आता नीट पाहायला मिळतो, तो मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनमुळे. सिप्पी फिल्म्सबरोबर त्यांनी हे काम केलं. मूळ निगेटिव्ह खराब झालेलं, ७० एमएमची एकही प्रिंट शिल्लक नाही. मग ब्रिटनमधल्या गोदामात आणि मुंबईत सापडलेल्या रिळांवरून सिनेमा पुन्हा उभा केला. मूळ शेवट आणि काढून टाकलेली दृश्यं त्यातच मिळाली. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात तो दाखवला गेला आणि १२ डिसेंबर २०२५ ला 'शोले : द फायनल कट' म्हणून आपल्याकडे लागला.

तो पाहायला मी मामांना घेऊन एसटीने पनवेलला गेले. सिनेमातली आगगाडीवरची मारामारी पनवेलजवळच्याच रेल्वेमार्गावर चित्रित झाली होती. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. ठाकूर रडायला लागला तेव्हा मामा खुर्चीत पुढे सरकून बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "अगं, हाच बरोबर आहे. पण आम्ही पाहिला तोही खोटा म्हणू नकोस. आमच्या वेळी तोच 'शोले' होता."

मामांचं म्हणणं मला पटतं. पन्नास वर्षं ज्या सिनेमावर लोकांनी जीव लावला, तो पोलीस येणारा आहे आणि तो इतिहास पुसून चालणार नाही. तरीही पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी फायनल कटच पाहायला सांगेन, कारण १९७५ चा शेवट सिप्पींनी निवडलेला नव्हता. तो पाहून झाल्यावर जुना शेवट जरूर पाहा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' किंवा 'पुष्पा २' असेल तर आधी थिएटरमधलाच पाहा, आवडला तरच वाढीव पाहा. आणि 'किंगडम ऑफ हेवन'ची १४४ मिनिटांची आवृत्ती समोर आली तर ती सोडून द्या, मोठी मिळेपर्यंत थांबा.