मृगातला रविवार

जूनचा तिसरा रविवार पंधरा तारखेच्या आधी येत नाही आणि एकवीसच्या पुढं जात नाही. मृग सात-आठ जूनला निघतो आणि आर्द्रा लागतात एकवीस-बावीसला. म्हणजे फादर्स डे कुठल्याही साली येवो, तो जवळजवळ नेहमी मृगातच येणार. ज्यांनी हा दिवस काढला त्यांना मृगाशी काही देणंघेणं नव्हतं. अमेरिकेत स्पोकेन गावच्या सोनोरा डॉड नावाच्या बाईंनी १९१० साली तो सुरू केला, आपल्या वडिलांसाठी. आई गेल्यावर त्या माणसानं सहा लेकरं एकट्यानं वाढवली होती. बाईंना पाच जून, म्हणजे वडिलांचा वाढदिवस हवा होता. चर्चवाल्यांना तयारीला वेळ पुरेना, म्हणून दिवस सरकत सरकत एकोणीसवर गेला. वडील शेतकरीच होते. तरी त्या दिवशी शेतात काय चाललं होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

मी जर्मनीत राहतो. इथं बापाचा दिवस वेगळाच, ईस्टरनंतरच्या एका गुरुवारी. पुरुषमंडळी हातगाडीत बिअर भरून रानात फिरायला निघतात. आपल्या पंचांगात आईला पिठोरी अमावस्या आहे, त्याच दिवशी बैलांचा पोळा. बापाला मात्र अख्खा पंधरवडा, पण तो भाद्रपदातला आणि तोही तो गेल्यावर. जिवंत बापासाठी तिथीच नाही म्हटल्यावर हा उसना रविवार मला चालतो. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी चितेगावला पाठवायचं काय?

माझे वडील, आमचे आण्णा, पैठण रस्त्यावरचे. शहरातून पैठणला निघालं की बिडकीनच्या अलीकडं चितेगाव लागतं. रस्त्याला लागून कंपन्या, त्यांच्यामागं भाड्याच्या खोल्या आणि खोल्यांच्यामागं उरलेली रानं. व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना इथलाच होता. कंपन्या भरात होत्या त्या काळात कितीतरी घरांत बाप शिफ्टला आणि शेतालाही, असा दुहेरी जुंपलेला असे. आण्णाही एका कंपनीत होते. सेकंड शिफ्ट असली की सकाळ रानाची. आता कंपनी सुटली आहे, रान उरलंय. भावकीतल्या काहींनी प्लॉट पाडून विकले. आण्णांनी विकलं नाही, आणि का विकलं नाही हे ते सांगतही नाहीत.

फुलांची चित्रं आणि ‘हॅपी फादर्स डे’ लिहिलेले फोटो घरच्या ग्रुपवर सकाळपासून पडत असतात. त्यांना आण्णांकडून जोडलेले हात येतात, तेच हात सरपंचाच्या वाढदिवसालाही येतात. ज्या मेसेजला आण्णा खरं उत्तर देतात तो एकच असतो : “वापसा झाला का?”

हे विचारायलाही थोडं कळावं लागतं. नुसतं “पाऊस आहे का?” विचारलं तर “हाय” किंवा “न्हाई”, पुढं संपलं. कपाशीला पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस पडून गेल्याशिवाय सरकी लावू नये, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. माझ्या मोबाईलवर मंडळाचा आकडा दिसतो. समजा तिथं चाळीस मिलिमीटर आला. पण तो पर्जन्यमापकाच्या जागेचा पाऊस, आमच्या बांधावरचा नव्हे. मृगाचा पाऊस वळवासारखाच तुकड्या-तुकड्यानं येतो, एका शिवारात पाट वाहतात आणि शेजारच्या शिवारात धूळ. म्हणून आण्णा आकडा ऐकून घेतात आणि खुरपं उचलतात.

मागं एकदा त्यांनी व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं होतं. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा मिटल्यात का, हे आधी पाहायचं. मग खुरप्यानं वीतभर खोल उकरायचं. वर ओल, तिच्याखाली कोरडा पापुद्रा आणि त्याखाली पुन्हा थोडी जुनी ओल, असं निघालं तर थांबायचं. वरच्या ओलीवर सरकी फुगते, कोंब काढते आणि मधल्या कोरड्यापाशी मूळ पोचलं की चार दिवसांच्या उन्हात जळून जाते. दुबार पेरणी म्हणतात ती बऱ्याचदा इथंच ठरते. ओलीला ओल भिडली असेल तरच पुढची परीक्षा. मुठीत माती दाबून लाडू करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुगा झाला तर वापसा, तसाच चपटा बसला तर अजून चिखल. त्या दिवशी लाडू पडला आणि फोनही पडला. बराच वेळ मला आभाळ दिसत होतं आणि आण्णांचं “थांब, थांब” ऐकू येत होतं.

तर गेल्या मृगातला आमचा रविवार. इथं सकाळचे सात, तिकडं साडेदहा. मी लिहिलं : “आण्णा, मंडळाला चाळीस दाखवतंय. आपल्याकडं ओलीला ओल भिडली का? सरकी आणली का?” अर्ध्या तासानं व्हॉइस आला. आण्णा टाइप करत नाहीत, आणि त्यांच्या व्हॉइसमध्ये निम्मा वारा असतो.

“चाळीस तिकडं असंल. आपल्यात वीतभर पण न्हाई गेलं. खालून कोरडंच हाय. शेजारच्यानं लावली काल, मी म्हणलं दम धर, तर ऐकंना. पाकिटं आणून ठिवलीत, नऊशेच्या घरात गेलंय एक. तुझी आई म्हणती जेवला का?”

इतकं लांब उत्तर मला वाढदिवसालाही येत नाही. त्यात भाव होता, अंदाज होता, शेजाऱ्याबद्दलची काळजी होती आणि शेवटच्या वाक्यात आई होती. आण्णांची माया अशीच आईच्या नावावर येते. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे पाठवावेत, तशी. मी परत लिहिलं की जेवलो, आणि ढग नगरच्या बाजूनं सरकताना दिसतायत, बुधवारपर्यंत थांबा. त्यांनी हात जोडले. हे हात ग्रुपवरच्या हातांहून वेगळे होते, असं मी धरून चाललो.

‘तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत’ असं मी त्यांना कधी लिहिलेलं नाही. लिहायला हरकत काहीच नाही, पण वाचून ते फोन आईकडं देतील आणि म्हणतील, बघ गं, याला काय झालं. एखाद्या मुलानं लिहिलं आणि बापाला आवडलं तर उत्तमच. आमच्यात त्या बोलण्याला रस्ता नाही आणि नव्यानं पाडायला दोघंही तयार नाहीत. मातीबद्दल विचारलं की मात्र आण्णा मला पुढच्या माणसासारखं वागवतात. लांब गेलेला पोरगा म्हणून नव्हे, बांधावर उभं राहून सल्ला देणारा शहाणा भागीदार म्हणून. कधी कधी सल्ला ऐकतातही.

पाऊस गुरुवारी रात्री झाला. शनिवारी बायांनी सरकी टोकली. एवढ्यावर मेसेज संपवणं बरं नाही, कारण पेरणीनंतर खरी धाकधूक उगवणीची असते. आठ-दहा दिवसांनी सरी चालत जाऊन कुठं कुठं उगवलं नाही ते बघतात आणि त्या रिकाम्या जागी पुन्हा दाणे टाकतात. त्याला नांग्या भरणं म्हणतात. उशीर झाला तर भरलेलं रोप मोठ्यांच्या सावलीत खुंटतं. म्हणून मी मोबाईलमध्ये आठवण लावून ठेवली होती. त्या दिवशी विचारलं, “नांग्या किती पडल्या?”

“एका पाकिटात भागलं,” आण्णा म्हणाले. “शेजारच्याला दोन एकर परत लावावं लागलं. पैसे पाठवू नको. दिवाळीला येशील तेव्हा तेवढी बॅटरी आण, मागच्या वेळची चांगली निघाली.”