गट शिकला, पण गटातलं कोण?

गटकार्याचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागतो तेव्हा बहुतेकदा अक्षर एकाचं असतं, चित्रं दुसऱ्याची आणि खाली नावं मात्र सगळ्यांची. यावरचा उतारा म्हणून जिगसॉ पद्धत सुचवली जाते. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्याने एका वर्गात बसू लागली होती. त्यांच्यातला ताण कमी व्हावा म्हणून मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत बसवली. पाठाचे भाग पाडायचे आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक भाग द्यायचा. एकच भाग मिळालेली मुलं ‘तज्ज्ञ गटात’ बसून तो पक्का करतात, मग मूळ गटात परतून बाकीच्यांना शिकवतात. युक्ती सुंदर आहे, पण तिच्यामुळे मुलं एकमेकांवर अवलंबून होतात एवढंच; जबाबदारी त्यातून आपोआप येत नाही. शिकवणाऱ्याला निदान तोंड उघडावं लागतं. ऐकणाऱ्याने मान डोलावली तरी तास पार पडतो.

या फरकाला आधार आहे. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी १९९५ मध्ये सहकारी अध्ययनावरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. गटाचं यश प्रत्येकाच्या स्वतंत्र शिकण्याच्या बेरजेवर ठरवणारे ६४ अभ्यास त्यात होते आणि त्यांतला परिणाम ठळक होता. सगळ्यांनी मिळून एकच वस्तू तयार करायची, किंवा गटाचं यश मोजायचंच नाही, अशा ठिकाणी तो जवळपास शून्यावर आला. स्लाव्हिन यांच्या जिगसॉच्या सुधारित आवृत्तीत म्हणूनच शेवटी प्रत्येक जण सगळ्या पाठावर एकट्याने चाचणी देतो आणि गटाच्या खात्यात जमा होते ती प्रत्येकाची स्वतःच्या आधीच्या कामगिरीपेक्षा झालेली प्रगती.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते हिवतापाच्या पाठावर पाहू. वर्गात ३२ मुलं असली तर चौघांचे आठ गट होतात. भाग चार: परजीवीचा माणसाच्या शरीरातला प्रवास, अ‍ॅनॉफिलिस डासाचं जीवनचक्र, लक्षणं आणि रक्ततपासणी, प्रतिबंध. एका भागाला आठ तज्ज्ञ येतात. आठांच्या घोळक्यात पुन्हा तिघे बोलणार आणि पाच जण ऐकणार, म्हणून त्यांचे चौघांचे दोन गट करावेत. मूळ गटात जाण्याआधी प्रत्येकाने कागद उलटा ठेवून आपला भाग सांगून दाखवायचा. ही पायरी गाळली की मुलं परत जाऊन कागद वाचून दाखवतात, बाकीचे तो उतरवून घेतात आणि शिक्षकाला वाटतं, काय छान शिकवणं चाललंय! शेवटच्या चाचणीत प्रत्येक भागावर दोन प्रश्न असावेत, शिवाय एका भागाच्या बळावर सुटणारच नाही असा एक प्रश्न: ताप उतरला तरी रुग्णाने मच्छरदाणीतच का झोपायचं? रक्तात परजीवी उरलेले असू शकतात हे पहिल्या भागात, मादी रात्री चावते आणि ते उचलून दुसऱ्यापर्यंत नेते हे दुसऱ्या भागात.

उत्तरपत्रिका तपासताना एकूण गुणांपेक्षा मुलाने न शिकवलेल्या तीन भागांचे गुण वेगळे काढावेत. खरी माहिती तिथेच असते. गटातले तिघेही एकाच भागात चुकले असतील तर शिकवणाऱ्याचं समजावणं फसलं. सगळ्या गटांत तोच भाग कोसळला असेल तर दोष मुलांचा नाही, मजकूर अवघड होता. आणि एकच मूल तिन्ही भागांत चुकलं असेल, तर ते गटात नुसतं बसून होतं, किंवा त्याला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्याच्या कमी गुणांची शिक्षा हुशार मुलाला का, असा आक्षेप पालक घेतात आणि तो रास्त आहे. म्हणून प्रगतिपुस्तकात ज्याचे गुण त्याचेच राहिले पाहिजेत. गटाला मिळावी ती फक्त दाद. प्रगती मोजल्यामुळे नेहमी मागे राहणारं मूलही गटाला काही मिळवून देऊ शकतं, त्यामुळे त्याला समजावण्यात इतरांना रस उरतो. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: बक्षिसाच्या आशेने शिकलेलं टिकतं का? ही शंका मला पूर्ण खोडता येत नाही. पण बक्षीस काढलं तरी एकट्याची चाचणी काढता येत नाही, कारण तिच्याशिवाय कोण शिकलं हे शिक्षकालाही कळत नाही. वेळ मात्र खरोखर जातो, पाऊण तासाच्या दोन तासिका तरी. शिवाय ज्या पाठात दुसरा भाग पहिल्यावाचून समजत नाही, उदाहरणार्थ समीकरणं सोडवणं, तिथे जिगसॉ लावूच नये.

तेव्हा पुढच्या गटकार्याला सरसकट एकच गुण देण्याआधी, प्रत्येक मुलाला त्याने न शिकवलेल्या भागावरचे दोन प्रश्न एकट्याने सोडवायला द्या.